‘कृष्णराव’ म्हणजे कोण? मुरारमधला एक फोटो आणि एक फाटकं पत्रक

गेल्या बैठकीत मी वाचलेल्या टिपणाचा हा थोडा वाढवलेला भाग. विषय माझ्याच एका चुकीचा आहे, म्हणून सुरुवात चुकीपासूनच करतो.

मुरारमधल्या एका जुन्या मराठी घरातून आपल्याकडे एक अल्बम आला होता. त्यातल्या एका पानावर गाण्याच्या बैठकीचा फोटो होता आणि त्याच्याच शेजारी कार्यक्रमाच्या छापील पत्रकाचा एक फाटका तुकडा चिकटवलेला होता. तुकड्यावर ठळक अक्षरात ‘कृष्णराव’ एवढंच नाव वाचता येत होतं. घरातले म्हणाले, “आमच्याकडे कृष्णराव गाऊन गेले, असं आजोबा सांगायचे.” ग्वाल्हेरच्या माणसाला कृष्णराव म्हटलं की पं. कृष्णराव शंकर पंडितच आठवणार. मीही जास्त विचार न करता फोटोखाली त्यांचं नाव लिहिलं आणि आपल्या प्रदर्शनात तो लावला. लोकांनी मोबाइलवर त्याचे फोटो काढले, पुढे पाठवले.

तिसऱ्या दिवशी त्याच गल्लीतल्या एक काकू आल्या. वय नव्वदीच्या आसपास. चष्मा वर करून त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, “अरे, हे पंडितजी कुठले? मी शाळेत असताना त्यांना ऐकलंय. तेव्हाच ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे दिसायचे. हा तर पोरगा आहे!”

काकूंचं म्हणणं साध्या वजाबाकीनं तपासता येतं. पंडितजींचा जन्म 1893चा. फोटोतला गायक फार तर तिशीचा. म्हणजे ते पंडितजी असतील, तर फोटो 1923च्या आसपासचा हवा. पण गायकासमोर उभ्या दांडीवर मायक्रोफोन आहे. 1923 साली मुरारच्या घरगुती बैठकीत मायक्रोफोन? शक्य नाही. दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत, म्हणजे नाव चुकलं. मी इंजिनीअर माणूस, नोकरीत असताना इतकं ढोबळ गणित चुकवलं असतं तर साहेबांनी फाईल अंगावर फेकली असती. पण इथे प्रसिद्ध नाव समोर आलं आणि मी वजाबाकीच केली नाही.

मग फोटो बाजूला ठेवून पत्रकाकडे वळलो. अल्बममध्ये दोन गोष्टी शेजारी चिकटवल्या, एवढ्यावरून त्या एकाच रात्रीच्या ठरत नाहीत. अल्बम लावणारा माणूस जागा बघून चिकटवतो. म्हणून दोघांची चौकशी वेगवेगळी करायची, हे पहिलं ठरवलं.

आधी पत्रकाचा काळ. गायकाच्या नावापेक्षा काळ शोधणं सोपं असतं, कारण काळ सांगणाऱ्या गोष्टी छापणाऱ्यानं मुद्दाम लिहिलेल्या नसतात. आपल्या तुकड्यावर तिकिटाचा दर ‘आठ आणे’ असा होता. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून आली. त्यानंतरही लोक बोलताना आणेच म्हणत राहिले, त्यामुळे एकट्या आण्यावर विसंबता येत नाही. पण खाली एका ओळीत ‘मध्यभारत’ हा शब्दही होता. मध्यभारत हे राज्य 28 मे 1948 रोजी झालं आणि 31 ऑक्टोबर 1956 पर्यंतच राहिलं, पुढे ते मध्य प्रदेशात विलीन झालं. सगळ्यात खाली ‘प्रेस, लश्कर’ एवढी अक्षरं शिल्लक होती. 1867च्या कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण देणं बंधनकारक होतं. म्हणून फाटका कागद हाती आला की मी आता आधी तळाची ओळ बघतो. आपल्या तुकड्यात छापखान्याचं नाव गेलं, पण कागद बाहेरगावाहून आलेला नाही, लश्करातच छापलाय, हे कळलं.

तारखेच्या जागी ‘शनिवार ता. 11 फेब्रुवारी’ होतं, वर्ष फाटलेलं. वार आणि तारीख एकत्र मिळाली की वर्ष शोधणं हा हिशेबाचा भाग. साधारण वर्षात तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, मध्ये 29 फेब्रुवारी आला तर दोन वार. मध्यभारताच्या काळात 11 फेब्रुवारीला शनिवार दोनदाच आला, 1950 साली आणि 1956 साली.

या दोनांतून एक कसं निवडायचं? तारखेच्या खालच्या ओळीत तिथी होती. तिची सुरुवात फाटलेली आणि शेवटचं अक्षर ‘मी’ राहिलेलं. 11 फेब्रुवारी 1956 ला अमावास्या होती, त्या शब्दाच्या शेवटी ‘मी’ येत नाही. 1950 साली मात्र तो दिवस अमावास्येच्या पाच-सहा दिवस आधीचा, म्हणजे माघ वद्यातल्या नवमी-दशमीच्या सुमाराचा. नवमी घ्या की दशमी, शेवट ‘मी’च. तेव्हा पत्रक 1950चं. इथे एक सावधगिरी सांगतो. आपल्याकडे मराठी घरांत जो माघ वद्य, तोच आजूबाजूच्या हिंदी पंचांगात फाल्गुन कृष्ण असतो. ग्वाल्हेरच्या पत्रकावर महिन्याचं नाव आलं, तर कुठलं पंचांग धरलंय हे आधी ठरवा, नाहीतर हिशेब महिनाभर चुकतो.

आता नाव. ‘कृष्णराव’ या एका शब्दामागे निदान तीन गायक उभे आहेत. एक आपले पंडितजी, शंकरराव पंडितांचे चिरंजीव, ज्यांनी 1914 साली लश्करात गायनशाळा काढली. दुसरे मास्टर कृष्णराव, म्हणजे कृष्णराव फुलंब्रीकर, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतले आणि पुढे ‘प्रभात’च्या चित्रपटांचे संगीतकार. त्यांचा जन्म 1898चा, म्हणजे दोघं जवळपास एकाच वयाचे. दोघांना पद्मभूषणही दोनच वर्षांच्या अंतरानं मिळालं, मास्टरांना 1971 साली आणि पंडितजींना 1973 साली. त्यामुळे ‘पद्मभूषण कृष्णराव’ एवढंच लिहिलेला कागद मिळाला तरी प्रश्न सुटत नाही. तिसरे देवासकडचे कृष्णराव मुजुमदार, रजब अली खाँचे शिष्य.

आणि चौथी शक्यता, जी आपल्या मराठी नावांतच आहे. आपण स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहितो. फाटक्या कागदावर मधलाच शब्द उरला, तर आपण मुलाच्या कार्यक्रमाचं श्रेय वडिलांना देऊन मोकळे होतो. पंडितजींचे पुत्रही गायक, त्यांचं पूर्ण नाव लक्ष्मण कृष्णराव पंडित. दोन्ही टोकं फाटली की उरतं काय? ‘कृष्णराव’!

म्हणून मी पट्टी घेऊन बसलो. असली पत्रकं जुळवणारे खिळेजोडारी मजकूर मध्यावर धरून बसवत. आपल्या तुकड्याच्या माथ्यावर वेलबुट्टीचं फूल पूर्ण शिल्लक होतं, तोच कागदाचा मध्य. त्या फुलातून खाली सरळ रेघ काढली. ‘कृष्णराव’ हा शब्द 48 मिलिमीटर लांब भरला आणि त्याचा मध्य रेघेच्या 6 मिलिमीटर डावीकडे पडला. शिवाय ‘व’ नंतर थोडी मोकळी जागा सोडून पुढच्या शब्दाच्या शिरोरेषेचा तुकडा दिसत होता.

यातून दोन गोष्टी निघतात. ‘कृष्णराव’च्या पुढे आणखी शब्द होता. मास्टरांचं नाव ‘मास्टर कृष्णराव’ असं तिथेच संपवून छापायची रीत होती. तसं असतं तर हा शब्द मध्याच्या बराच उजवीकडे सरकला असता आणि पुढे काही उरलं नसतं. मास्टर इथेच बाद झाले. दुसरं, शब्द 6 मिलिमीटर डावीकडे आहे, याचा अर्थ उजवीकडचा फाटलेला मजकूर डावीकडच्यापेक्षा 12 मिलिमीटर लांब होता.

पुढे ‘पंडित’ धरलं तर त्या टायपात, मधल्या जागेसकट, साधारण 36 मिलिमीटर जातात. मग डावीकडे 24 उरतात, आणि मधली जागा सोडली तर जेमतेम 18. त्यात ‘श्री.’ किंवा ‘प्रो.’ बसतं, ‘लक्ष्मण’ बसत नाही. पुढे ‘मुजुमदार’ धरलं तर उजवीकडे 62च्या आसपास जातात, आणि डावीकडे ‘गायक’ किंवा ‘श्रीयुत’सारखा मोठा शब्द सहज मावतो. तेव्हा चारांतले दोन गेले आणि दोन राहिले. या मापावर यापुढे जाऊ नये, कारण पदवी लहान टायपात छापली असेल तर डावीकडचा हिशेब बदलतो आणि चौथी शक्यताही परत दारात येते. मास्टर मात्र परत येत नाहीत, कारण ती शिरोरेषा कुठल्याही हिशेबाशिवाय डोळ्यांना दिसते.

आता उरलेलं काम म्हणजे फेब्रुवारी 1950च्या दुसऱ्या आठवड्यातली स्थानिक वर्तमानपत्रं चाळणं. ‘कृष्णराव मुरारला कधी गाऊन गेले?’ या प्रश्नासाठी तीस वर्षांचे अंक पाहावे लागले असते. तारीख हाती आल्यावर काम आठवड्यावर आलं. काळ आधी शोधायचा तो याचसाठी.

आणि फोटो? 1950 साली पंडितजी 56-57 वर्षांचे, मास्टर 52चे. तिशीतला तो तरुण यांपैकी कुणीच नाही, मग फोटो त्याच रात्रीचा असो वा नसो. मी ही गोष्ट अल्बमवाल्या घरी जाऊन सांगितली तेव्हा ते जरा हिरमुसले. आजोबांच्या गोष्टीतला कृष्णराव गेला असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, गोष्ट पत्रकापुरती अजून उभी आहे, फोटोपुरती पडली. आजोबांनी ऐकलेलं गाणं आणि त्यांनी चिकटवलेला फोटो हे दोन वेगळे प्रसंग असू शकतात.

मला जास्त वाईट वाटलं ते त्या तरुणाचं. डोळे मिटून, एक हात उचलून तो जीव लावून गातोय. त्याला स्वतःचं नाव होतं, आणि मी त्याच्यावर दुसऱ्याचं मोठं नाव चिकटवून त्याचा शोधच बंद करून टाकला होता. अनोळखी फोटोबद्दल कुणीतरी विचारतं. नाव लिहिलेल्या फोटोबद्दल कोण कशाला विचारेल?

आता त्या फोटोखाली असं लिहिलं आहे: ‘अनोळखी तरुण गायक. मुरारमधील एका कुटुंबाच्या अल्बममधून. पूर्वी चुकून पं. कृष्णराव शंकर पंडित असे नाव दिले होते.’ जुनं चुकीचं नाव मुद्दाम ठेवलंय. ज्यांनी प्रदर्शनात फोटो काढून पुढे पाठवला, ते त्याच नावानं शोधत येतील, तेव्हा दुरुस्ती त्यांना दिसली पाहिजे.

वाचकांपैकी कुणाच्या घरी मुरार किंवा लश्करातल्या बैठकींचे फोटो असतील, तर पुढची बाजू दाखवण्याआधी मागची बाजू बघा. पेन्सिलनं लिहिलेली तारीख, स्टुडिओचा शिक्का, साथीला बसलेल्या कुणाचं घरगुती नाव, काहीही चालेल. गायकाचं नाव आठवत नसेल तर तबलजीचं सांगा. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे तबल्यावरचा तो जाड भिंगांचा चष्मेवाला त्यांच्याच आळीतला होता, आणि माझा पुढचा शोध आता तिथूनच सुरू आहे.