मराठी निबंध मुलाचा की एआयचा? टक्केवारीवर निकाल का देता येत नाही

समजा, बेळगावातल्या एका निबंध स्पर्धेत १०० निबंध आले आणि सगळे मुलांनी स्वतःच लिहिलेले आहेत. परीक्षकांनी ते एआयचा मजकूर ओळखणाऱ्या टूलमध्ये टाकले, तर किती मुलं विनाकारण अडकतील?

इंग्रजीपुरता याचा अंदाज आहे. ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असं टूल काढलं. कंपनीच्याच चाचणीत माणसांनी लिहिलेल्या १०० पैकी ९ मजकुरांवर एआयचा शिक्का बसला आणि एआयने लिहिलेल्या १०० पैकी फक्त २६ सापडले. टूल इंग्रजीसाठीच वापरा, असंही कंपनीने सांगितलं होतं. जुलै २०२३ मध्ये ते बंद झालं. म्हणजे इंग्रजीतच ९ मुलं नाहक बाद झाली असती. मराठीत गणित आणखी बिघडतं.

अशी काही टूल्स मुख्यतः एक गोष्ट मोजतात: पुढचा शब्द किती सहज ओळखता आला. सहज ओळखू येणारा मजकूर यंत्राचा, अनपेक्षित मजकूर माणसाचा, असा त्यांचा ठोकताळा. त्यासाठी टूलमागच्या मॉडेलने ती भाषा भरपूर वाचलेली हवी. इंग्रजी विकिपीडियावर ६५ लाखांहून जास्त लेख आहेत, मराठीत सुमारे एक लाख.

कमी वाचलेल्या भाषेचे शब्द मॉडेल तुकडे करून वाचतं. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'बेळगाव' या शब्दात काना-मात्रा धरून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. इंग्रजी 'Belgaum' मात्र सात बाइटमध्ये बसतं. देवनागरीत तीनपैकी पहिला बाइट नेहमी तोच असतो आणि दुसरा दोनच प्रकारचा. मॉडेल बाइटपर्यंत तुकडे करत असेल, तर यातले बरेच तुकडे त्याला न चुकता ओळखता येतात. सरासरी खाली येते आणि मुलाचा अस्सल निबंध 'यंत्राचा' ठरू शकतो.

नव्या मॉडेलमध्ये तुकडे मोठे असतात, तिथे उलटंही घडतं. 'बेळगावातल्यांनासुद्धा' असा प्रत्ययांनी लांबलेला शब्द किंवा कन्नड वळणाचं वाक्य त्याने क्वचितच पाहिलेलं असतं. मग सीमाभागातला मजकूर अनपेक्षित वाटतो आणि त्याच बोलीत लिहून घेतलेला एआयचा मजकूर माणसाचा म्हणून निसटतो. आकडा मोठा आला काय, लहान आला काय, तो मजकुरापेक्षा मॉडेलच्या कच्च्या मराठीबद्दलच जास्त सांगतो.

टूल पारखायचं असेल, तर २०२० च्या आधीचे, आपल्याच भागातल्या मुलांचे ३०-४० निबंध त्यात टाकून पाहावेत. त्यातले काही 'यंत्राचे' निघाले, तर ते टूल स्पर्धेसाठी बाद. संशय आलाच, तर मुलाचा कच्चा मसुदा मागावा आणि निबंधातल्या दोन मुद्द्यांवर त्याला समोर बसवून बोलतं करावं.