‘श्यामची आई’तली मोळी : जुना जातवाचक शब्द ठेवायचा, टीप द्यायची की बदलायचा?

टेंभी नाक्याजवळ आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी मुलांचा वाचनवर्ग घेतो. मागच्या पावसाळ्यात साने गुरुजींची ‘श्यामची आई’ वाचायला घेतली होती. मोळीच्या गोष्टीपाशी नववीतली एक मुलगी थांबली. ‘महारीण’ हा शब्द तिने मोठ्याने वाचला नाही, पुस्तक शेजारच्या मुलाकडे सरकवले. वर्ग सुटल्यावर तिच्या आईने विचारले, नव्या पुस्तकात हे शब्द बदलत का नाहीत? पुढे काही दिवसांनी स्वस्त आवृत्ती काढू पाहणाऱ्या एका छोट्या प्रकाशकाने नेमका हाच प्रश्न आमच्यापुढे ठेवला. त्यावर जो विचार झाला, तो इथे मांडतो.

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि 1935 मध्ये ते प्रसिद्ध झाले. गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणून 1 जानेवारी 2011 पासून हे पुस्तक कोणीही छापू शकतो. पण छापण्याची मोकळीक म्हणजे वाटेल तसे बदलण्याची मोकळीक नव्हे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 नुसार लेखकाच्या मानाला बाधा येईल असा फेरफार झाला, तर त्याचे कायदेशीर वारस हरकत घेऊ शकतात. 2012 च्या दुरुस्तीने या हरकतीला असलेली कॉपीराइटच्या मुदतीची अटही काढून टाकली. प्रकाशकांना हे बहुधा माहीत नसते.

आता मूळ गोष्ट पाहू. एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते. ती अस्पृश्य असल्यामुळे मोळी उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला पाठवते, मोळी डोक्यावर द्यायला सांगते, आणि नंतर घरी येऊन अंघोळ करायलाही सांगते. ही गोष्ट शाळेत आईच्या मोठ्या मनाची म्हणून सांगितली जाते. आमच्या वर्गातल्या मुलांना मात्र ती अंघोळच दिसली. आम्हालाही तीच दिसते.

म्हणून आम्ही प्रकाशकासमोर एक साधी चाचणी करून पाहिली. ‘महारीण’च्या जागी ‘गरीब म्हातारी’ घातले. वाक्य सुरळीत झाले, पण गोष्ट कोसळली. गरीब बाईला लोक मोळी का उचलून देत नाहीत? तिला मदत केल्यावर मुलाला अंघोळ का करावी लागते? शब्द काढला की विटाळ अदृश्य होतो, आणि उरतो तो फक्त आईचा दयाळूपणा. म्हणजे बदलाचा फायदा त्या म्हातारीला काहीच नाही, मोळी न उचलणाऱ्या गावाला मात्र आहे.

मग ‘हरिजन’ घालावे का, असे प्रकाशकाने विचारले. हा शब्द त्या काळी सौम्य समजला जाई. गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकाचा पहिला अंक 11 फेब्रुवारी 1933 रोजी पुण्यातून निघाला, म्हणजे गुरुजी तुरुंगात हे पुस्तक लिहीत होते त्याच महिन्यात. पाचच वर्षांनी, जानेवारी 1938 मध्ये, मुंबई विधानसभेत एका विधेयकात हा शब्द आला तेव्हा भाऊराव गायकवाडांनी त्याला विरोध केला आणि बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी सभात्याग केला. एका पिढीचा सभ्य शब्द पुढच्या पिढीला अपमान वाटू शकतो. आज आपण जो शब्द बसवू, तो आणखी 30 वर्षांनी कोणी तरी पुन्हा बदलायला घेईल, आणि तोवर मूळ शब्द कोणता होता हे कोणालाच सांगता येणार नाही. ‘बौद्ध’ घालणे तर उघड चूक ठरेल, कारण धर्मांतर 1956 चे आहे.

अमेरिकेत असा प्रयोग झाला आहे. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ची एक आवृत्ती 2011 मध्ये अलाबामातून निघाली. काळ्या माणसांसाठीचा अपमानकारक शब्द त्यात 200 हून अधिक ठिकाणी काढून ‘गुलाम’ हा शब्द घातला होता. शाळांनी पुस्तक वगळू नये, हा संपादकाचा हेतू होता, आणि तो समजण्यासारखा आहे. पण ‘गुलाम’ ही स्थिती आहे आणि तो शब्द ही शिवी. गुलामी संपली तरी शिवी उरली, हा सगळा इतिहास त्या एका बदलात पुसला जातो.

म्हणून प्रकाशकाला आम्ही आधी यादी करायला सांगितली. प्रत्येक जातवाचक शब्द, त्याचे पान, आणि तो कोण बोलते आहे : निवेदक, एखादे पात्र, की नुसती म्हण वा उपमा. संगणकावर शोधून बदलायचे नाही, हेही सांगितले. ‘महार’ शोधून सरसकट बदलला तर ‘महाराज’ आणि ‘महाराष्ट्र’ही मोडतात. शिवाय आजच्या स्वस्त आवृत्त्या एकमेकींवरून टाइप केलेल्या असू शकतात. त्यामुळे ग्रंथालयातली जितकी जुनी प्रत मिळेल तितकी घेऊन ताडून पाहायला हवे. आधीच कोणी गुपचूप बदल केला असेल, तर तो तिथेच पकडला जातो.

घटना ज्या शब्दावर उभी आहे, तिथे शब्द ठेवायचा आणि त्याच पानाच्या तळाला टीप द्यायची. शेवटच्या पानावरची टीप मूल वाचत नाही. टीप लहान हवी आणि ती संपादकाची आहे हे कळायला हवे. आम्ही सुचवलेली टीप अशी : ‘हा शब्द त्या काळी जात सांगण्यासाठी आणि हिणवण्यासाठीही वापरला जाई. स्पर्श झाल्यावर अंघोळ करणे हा अस्पृश्यतेचा भाग होता. संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. आज कोणालाही जातीवरून हाक मारणे अपमानकारक आहे. – संपादक.’ पहिल्या मसुद्यात प्रकाशकाने ‘लेखकाचा हेतू वाईट नव्हता’ असे वाक्य घातले होते. ते आम्ही काढायला लावले. गुरुजींनी 1947 मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केले, हे प्रस्तावनेत जरूर सांगावे. पण टीप वाचकासाठी असते, लेखकाच्या वकिलीसाठी नव्हे.

अवघड जागा म्हणी आणि उपमांची. जात तिथे कथेसाठी येत नाही, सवयीने येते. पूर्ण आवृत्तीत आम्ही त्याही ठेवाव्यात असे म्हटले, कारण सवय हाच पुरावा आहे. लहान मुलांच्या संक्षिप्त आवृत्तीत ते वाक्य गाळता येईल, पण मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ असे छापलेले पाहिजे. आमच्यातल्या दोघांना हे पटले नाही. त्यांच्या मते मुलांच्या हातात टीप असलेली शिवीसुद्धा शिवीच. हा मतभेद मिटलेला नाही.

संपादकाचे स्वतःचे लेखन मात्र वेगळे. मलपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रकरणाचा सारांश, चित्राखालची ओळ, स्वाध्याय यांत जुना शब्द येण्याचे काहीच कारण नाही. मसुद्यातल्या स्वाध्यायात मात्र प्रश्न होता : ‘श्यामने महारणीला कशी मदत केली?’ तिथे आम्ही प्रश्नच बदलला : ‘लोकांनी मोळी का उचलून दिली नाही?’

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, मग पुस्तकातला ‘महारवाडा’ का ठेवायचा, असेही एकाने विचारले. वस्तीच्या पाटीखाली आज माणसे राहतात, त्यांच्या आधार कार्डावर तो पत्ता येतो, म्हणून पाटी बदलायची. 1935 च्या पानावर ‘समतानगर’ छापले तर तेव्हा समता होती असा अर्थ होईल.

ती मुलगी पुढच्या रविवारी आली. टिपेचा मसुदा तिला वाचायला दिला. तिने ‘हिणवण्यासाठीही’मधला ‘ही’ खोडला.