अजिंठ्याच्या एका भिंतीवरचे बुद्ध: मूर्ती कशी वाचावी?

मूर्तीसमोर उभे राहिल्यावर आपण बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो ‘हा कोण?’ असा. नाव कळले की पुढे सरकतो. पण मूर्ती घडवणाऱ्याने ती केवळ ओळख पटावी म्हणून घडवलेली नसते. त्याला एक विचार मांडायचा असतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे शब्द नसतात. असते ती देहाची ठेवण, हातांची स्थिती, आकृतींचे लहानमोठेपण आणि कोण वर, कोण खाली याची मांडणी. आजच्या धाग्यात अजिंठ्याच्या एकाच लेण्यात, क्रमांक २६ मध्ये, थांबू आणि ही भाषा सावकाश वाचू. शेवटी एक अभ्यास तुमच्यासाठी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. लेणे २६ हे चैत्यगृह आहे, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी खोदलेले सभागृह. काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. येथील शिलालेखात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने हे लेणे करवून घेतल्याचे नमूद आहे. अश्मकांचा अमात्य भव्विराज याच्याशी असलेल्या मैत्रीचाही तो उल्लेख करतो, आणि डोंगरातच स्मारक का कोरावे याचे कारणही देतो. त्याचा आशय असा की चंद्रसूर्य असेतो टिकेल असे काही मागे ठेवावे. हा भिक्षू लाकडावर किंवा विटांवर विसंबून राहायला तयार नव्हता.

आता आत चला. समोर स्तूप आहे आणि स्तूपाच्या दर्शनी भागात मंडपासारख्या चौकटीत बुद्ध बसलेले आहेत. पाय मांडी घालून दुमडलेले नाहीत, आसनावरून खाली सोडलेले आहेत. या बैठकीला प्रलंबपादासन म्हणतात. हे दृश्य किती नवे होते, हे समजायचे असेल तर याच डोंगरातल्या लेणे १० मध्ये जावे लागेल. ते इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे आहे. तिथला स्तूप अगदी साधा आहे. त्यावर मानवी आकृती कोरलेली नाही. तिथल्या जुन्या चित्रांत राजपरिवार बोधिवृक्षाची पूजा करताना दिसतो. वृक्ष आहे, पूजक आहेत, पण बुद्धांचा देह नाही. सहाएक शतकांनंतर त्याच डोंगरात स्तूपातूनच देह प्रकट झाला.

इथे एक खबरदारी. ‘आरंभी बुद्धांना मानवी रूपात दाखवण्यास मनाई होती, म्हणून वृक्ष आणि चक्र वापरले’ असे सरसकट सांगितले जाते. कलेतिहासकार सुझान हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये या समजाला आव्हान दिले. अशी पुष्कळ शिल्पे बुद्धांच्या ‘ऐवजी’ कोरलेली नसून तीर्थस्थळी होणाऱ्या प्रत्यक्ष पूजेचीच दृश्ये असावीत, असे त्यांचे म्हणणे. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर लेणे १० मधले वृक्षपूजेचे चित्र पाहताना हंटिंग्टन यांचा युक्तिवाद बराच पटतो. त्या चित्रात काही उणे असल्यासारखे वाटतच नाही.

परत २६ मध्ये येऊ आणि डाव्या हाताच्या प्रदक्षिणापथाकडे वळू. दाराजवळच भिंतभर बुद्ध पहुडलेले आहेत. लांबी सुमारे ७ मीटर. हे महापरिनिर्वाण. कुशीनारा येथे, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, दोन शालवृक्षांच्या मध्ये त्यांनी देह ठेवला, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. पण कथा क्षणभर बाजूला ठेवू आणि जे डोळ्यांना दिसते तेवढेच नोंदवू.

देह उजव्या कुशीवर आहे. उजवा हात गालाखाली, डावा हात देहाच्या बाजूने सरळ ठेवलेला. डोळे मिटलेले. अंगावर स्नायूंचा ताण नाही, चेहऱ्यावर वेदनेची रेषा नाही. दोन टोकांना झाडे आहेत. शय्येच्या खाली ओळीने बसलेल्या लहान आकृती आहेत, भिक्षू आणि उपासक, आणि त्या शोकाकुल आहेत. वर, देहाच्या पलीकडे, आकाशात देवगण आहेत. त्यांच्यात शोक नाही, उलट उत्सवाची लगबग आहे.

नोंद झाली. आता अर्थाकडे जाता येते. एकाच घटनेकडे पाहणारे दोन समुदाय शिल्पकाराने एकाच भिंतीत ठेवले आहेत. खालच्यांसाठी हा वियोग आहे; वरच्यांसाठी जन्ममरणाच्या फेऱ्यातून झालेली अंतिम सुटका. आणि दोहोंच्या मध्ये ती लांबच लांब आडवी, निश्चल रेषा, जी कोणाच्याच बाजूची नाही. निर्वाण ही संकल्पना शब्दांत समजावताना भले भले अडखळतात. ‘विझणे’ म्हटले की विनाश वाटतो, ‘मुक्ती’ म्हटले की कुठेतरी जाणे वाटते. या भिंतीवर ती मांडणीतून सांगितली आहे: खाली दुःख, वर आनंद आणि मध्ये दोन्ही शांत झालेला देह.

आकारमानही बोलके आहे. शोक करणाऱ्यांच्या तुलनेत बुद्ध कितीतरी मोठे आहेत. हे शारीरिक उंचीचे विधान नव्हे. प्राचीन शिल्पात मोठेपण हे महत्त्वाचे माप असते. पण त्याचा एक परिणाम पाहणाऱ्यावरही होतो. प्रदक्षिणापथ अरुंद आहे. एवढ्या जागेत इतकी लांब आकृती एका नजरेत मावत नाही. तिच्या डोक्याकडून पायांकडे चालतच जावे लागते. म्हणजे मूर्ती पाहणे आणि प्रदक्षिणा घालणे या दोन वेगळ्या कृती राहतच नाहीत. छायाचित्रात हे कधीच कळत नाही, कारण छायाचित्र नेमके तेवढेच हिरावून घेते.

आता हातांविषयी, कारण सर्वाधिक घोटाळे तिथेच होतात. बसलेल्या बुद्धांचा उजवा हात गुडघ्यावरून खाली आला असेल तर तो दोन भिन्न गोष्टी सांगू शकतो. तळवा आत वळलेला आणि बोटे भूमीकडे असतील तर ती भूमिस्पर्श मुद्रा: माराने आव्हान दिले तेव्हा पृथ्वीला साक्ष ठेवल्याचा क्षण. तळवा पाहणाऱ्याकडे उघडा असेल तर ती वरद मुद्रा, म्हणजे दान. दुरून दोन्ही सारख्याच दिसतात. शिवाय हात हा मूर्तीचा सर्वांत आधी तुटणारा अवयव. तुटलेल्या हातावरून मुद्रा ठरवू नका. आसन, वृक्ष, भोवतालची मंडळी काय सांगतात ते आधी पाहा. वेरूळला तर आणखी एक गफलत नेहमी होते: जैन लेण्यांतल्या ध्यानस्थ तीर्थंकरांना लोक बुद्ध समजतात. तिथे हाताकडे पाहून उपयोग नाही, दोघांचेही हात मांडीवर असू शकतात. अंगावर चीवराची कड किंवा घडी दिसते का ते पाहा. वेरूळच्या दिगंबर मूर्तींवर ती असणार नाही.

हातांनी विचार सांगण्याची ही रीत केवळ बौद्ध शिल्पाची नाही, आणि आपल्याला सर्वांत परिचित उदाहरण पंढरपुरात आहे. विष्णूच्या मूर्तीला बहुधा चार हात असतात आणि ते शस्त्रे धारण करतात किंवा अभय देतात, म्हणजे काहीतरी करत असतात. विठ्ठलाला दोनच हात, आणि तेही कमरेवर. त्यांत शंख आणि कमळाचा देठ आहे खरा, पण नजरेत भरते ती हातांची ठेवण. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गुंतलेला, म्हणून देव विटेवर थांबला, ही कथा त्या ठेवणीवर इतकी चपखल बसते की मूर्ती कथेसाठीच घडली असे वाटू लागते. तिथेच सावध व्हावे. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाची मुळे गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधली. तसे असेल तर ही ठेवण आधीची आणि प्रतीक्षेचा अर्थ तिला नंतर लाभलेला, हीही शक्यता उरते. मूर्ती तीच राहते, विचार बदलू शकतो.

आणि देवाच्या हातून शस्त्र गेले, तर संतांच्या हाती काय आले? गोरा कुंभार चित्रांत चिखल तुडवताना दिसतो, सावता माळी मळ्यात, जनाबाई जात्यापाशी. देवाला आयुधावरून ओळखावे तसे संताला त्याच्या कामावरून ओळखायचे. ईश्वर कष्टांच्या जागीच भेटतो, हे वारकऱ्यांचे म्हणणे त्या साधनांतून समजते.

आता तुमचा अभ्यास. लेणे २६ च्या त्याच डाव्या भिंतीवर, महापरिनिर्वाणाच्या थोडे पुढे, मारविजयाचे शिल्प आहे. त्याचे स्पष्ट छायाचित्र समोर घ्या आणि पहिली दहा मिनिटे फक्त ‘दिसते’ या क्रियापदाने वाक्ये लिहा. ‘मार’, ‘मोह’, ‘बोध’ हे शब्द अजून वापरायचे नाहीत. कोण स्थिर आहे, कोण हलते आहे? गर्दी कोणत्या दिशेने सरकते? हत्ती कुठे आहे? नाचणाऱ्या स्त्रिया बुद्धांच्या आसनाच्या वर आहेत की खाली? उजव्या हाताचा तळवा कुणीकडे वळला आहे?

त्यानंतर दुसरे पान घ्या आणि त्यावर अर्थ लिहा. प्रत्येक अर्थासमोर पहिल्या पानावरचे एक वाक्य पुरावा म्हणून जोडता आले पाहिजे. न जोडता आलेला अर्थ तुम्ही कथेतून आणलेला आहे, शिल्पातून नव्हे. तो खोडू नका, वेगळ्या रंगाने लिहा. तो रंग पानावर किती पसरतो ते पाहण्यासारखे असते.

एक इशारा देतो, उत्तर नाही. प्राचीन शिल्पकार एकच पात्र एकाच चौकटीत अनेकदा कोरत असे, कारण त्याला काळ दाखवायचा असे. तेव्हा मार एकदा सापडला म्हणून शोध थांबवू नका. चाल करून येणारा मार सापडल्यावर हरलेला मार शोधा, आणि तो कुठे बसला आहे व त्याच्या हातांचे काय झाले आहे, तेवढे खाली उत्तरात लिहा.