प्रस्तावना: एकाहून अधिक बरोबर

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत आठवीचं मूल असलेल्या घरात स्कॉलरशिप परीक्षेच्या सूचनांमधली एक ओळ बहुधा पाठ असते. प्रत्येक पेपरात 75 प्रश्न असतात. त्यांतल्या जास्तीत जास्त 20 टक्के, म्हणजे 15 प्रश्नांना चारांपैकी दोन पर्याय अचूक असतात आणि ते दोन्ही नोंदवणं बंधनकारक असतं. पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या एका नियमातून परीक्षाशास्त्राची एक मोठी शाखा उलगडते. हे पुस्तक त्या शाखेत पहिलं पाऊल टाकणाऱ्या शिक्षकांसाठी आहे.

एक प्रश्न घेऊ. ‘कोणत्या चौकोनांचे कर्ण नेहमीच समान लांबीचे असतात आणि परस्परांना दुभागतात?’ पर्याय असे: समांतरभुज चौकोन, आयत, समभुज चौकोन, चौरस. उत्तर आयत आणि चौरस. एका मुलीने फक्त चौरस रंगवला. दुसऱ्या मुलाने समभुज चौकोन आणि चौरस रंगवले. स्कॉलरशिपच्या नियमाने दोघांनाही शून्य. पण दोघांच्या डोक्यातली गोष्ट एक नाही. मुलीला गुणधर्म कळला आहे, तिचं ज्ञान फक्त अपुरं आहे. मुलगा मात्र काटकोनात छेदणारे कर्ण आणि समान लांबीचे कर्ण यांत गल्लत करतो आहे. अपुरं ज्ञान आणि चुकीचं ज्ञान यांना वेगळी किंमत द्यायची की नाही, हा या शाखेचा मूळ प्रश्न आहे.

‘नाही’ म्हणणाऱ्या नियमाचा फायदा असा, की अंदाजाला वाव कमी राहतो. दोनच पर्याय अचूक आहेत हे ठाऊक असताना चारांतून दोघांच्या सहा जोड्या होतात, म्हणून डोळे मिटून रंगवणाऱ्याला सहांत एक संधी. एकच उत्तर असलेल्या प्रश्नात ती चारांत एक असते. 2021 पासून गेट परीक्षेत आलेले अनेक-उत्तरी प्रश्नही याच वळणाचे आहेत: सगळं बरोबर तरच गुण, आणि चुकीला उणे गुण नाहीत.

‘हो’ म्हणणारा नियम जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये दिसतो. 2024 च्या पेपरात अशा प्रश्नांना सगळे अचूक पर्याय निवडल्यास 4 गुण होते. निवडलेले सगळे बरोबर पण काही राहून गेले, तर जितके निवडले तितके, म्हणजे 3, 2 किंवा 1. एकही चुकीचा पर्याय निवडला तर उणे 2, आणि प्रश्न सोडला तर शून्य. उणे गुण इथे गरजेचे आहेत. ते नसते आणि प्रत्येक अचूक पर्यायाला सुटा गुण मिळाला असता, तर चारही रंगवणाऱ्याला सगळे गुण मिळाले असते.

आता आपल्या मुलीला या नियमाखाली बसवू. चौरस बरोबर आणि समांतरभुज व समभुज चौकोन चूक, याची तिला खात्री आहे. आयताबद्दल मन निम्मं-निम्मं आहे. किती पर्याय अचूक आहेत हे इथे सांगितलेलं नसतं. तिने एकटा चौरस निवडला, तर आयत बरोबर निघाल्यास 1 आणि चूक निघाल्यास पूर्ण 4 गुण मिळतील. सरासरी अडीच. आयतही निवडला तर 4 किंवा उणे 2, सरासरी 1. म्हणजे आयत सोडणंच शहाणपणाचं. हिशेब पुढे नेला तर दिसतं, की आयताबद्दलची खात्री दोन-तृतीयांशाच्या वर गेली तरच तो निवडावा. दोन पर्याय पक्के आणि तिसऱ्याबद्दल शंका असेल, तर हीच मर्यादा तीन-चतुर्थांशावर जाते. यातूनच या पद्धतीची उणीवही कळते: भूमितीबरोबर मुलीची धोका पत्करण्याची तयारीही मोजली जाते. सारखंच जाणणारी दोन मुलं इथे वेगळे गुण घेऊन बाहेर पडू शकतात.

प्रश्न काढणाऱ्याची जबाबदारीही वाढते, कारण प्रत्येक पर्याय स्वतःच्या बळावर खरा किंवा खोटा ठरायला हवा. वरच्या प्रश्नातून ‘नेहमीच’ हा शब्द काढून पाहा. काही समांतरभुज चौकोनांचे कर्णही समान असतात, म्हणजे जे आयत असतात त्यांचे. लगेच उत्तरसूचीवर हरकत येते. अशी चूक निकालातही पकडता येते. एकूण गुणांत वरच्या आणि खालच्या मुलांचे दोन गट करून प्रत्येक पर्याय कोणी निवडला ते मोजावं. सूचीने बरोबर ठरवलेला पर्याय वरच्या गटानेच जास्त टाळला असेल, तर मुलांना दोष देण्याआधी तो पर्याय पुन्हा वाचावा.

पहिल्या प्रकरणात प्रश्नरचना, दुसऱ्यात गुणदानाचे नियम आणि तिसऱ्यात हे पर्यायनिहाय विश्लेषण येतं. वाचकांनी आपल्या वर्गाची एखादी चाचणी आणि तिच्या उत्तरपत्रिका जवळ ठेवून वाचावं. त्याच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या नियमांनी तपासल्या, की मुलांचा क्रम कुठे बदलतो ते दिसेल. तो का बदलला हे मुलांना सांगता आलं, तरच तो नियम वर्गात वापरावा.

मंगळवार पेठ, कोल्हापूर