चाचणी माणसाची की कामाची? ड्यूक पॉवरचा खटला आणि आपल्या मुलांचा ‘कल’

दहावीच्या गुणपत्रिकेच्या जोडीला आता आपल्या वस्त्यांमध्ये आणखी एक कागद येऊ लागला आहे. त्यावर मुलाचा ‘कल’ लिहिलेला असतो, ‘अभिक्षमता’ लिहिलेली असते, कधी ‘व्यक्तिमत्त्वाचा प्रकार’ म्हणून चार अक्षरे लिहिलेली असतात. २०१६ साली महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली. खासगी समुपदेशकांचा धंदा तर वेगळाच आहे. कागद छापील असतो, त्यावर आलेख असतात, म्हणून आईबाप त्याला विज्ञान समजतात. मुलीला इंजिनिअर व्हायचे असते आणि कागद म्हणतो, हिला ‘सेवाक्षेत्र’ योग्य. मग घरात चर्चा संपते.

आम्ही चाचण्यांच्या विरोधात नाही. पण ही चाचणी काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे आपल्याला नीट कळले पाहिजे. त्यासाठी अमेरिकेतल्या एका वीजकेंद्राचा इतिहास आपण वाचला पाहिजे. तो इतिहास आपल्याइतकाच शोषित असलेल्या कामगारांनी घडवला आहे.

नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्रेपर नावाच्या गावी ड्यूक पॉवर कंपनीचे डॅन रिव्हर वीजकेंद्र होते. तिथे पाच विभाग होते: मजूर विभाग, कोळसा हाताळणी, यंत्रचालन, देखभाल आणि प्रयोगशाळा. ९५ कर्मचाऱ्यांपैकी १४ कृष्णवर्णीय होते. त्या सगळ्यांना फक्त मजूर विभागात ठेवले जाई. मजूर विभागातली सर्वांत जास्त पगाराची नोकरी बाकीच्या चार विभागांतल्या सर्वांत कमी पगाराच्या नोकरीपेक्षाही कमी पैशांची होती. म्हणजे झाडलोट आणि साफसफाई काळ्यांकडे, यंत्र गोऱ्यांकडे. आपल्या वाचकांना ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६४ साली अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला. नोकरीतल्या वंशभेदाला बंदी करणारे त्याचे कलम २ जुलै १९६५ रोजी अमलात आले. त्याच दिवशी कंपनीने नवा नियम आणला: मजूर विभाग सोडून इतर कुठल्याही विभागात नव्याने घ्यायचे असेल तर शालान्त शिक्षण हवेच, शिवाय दोन चाचण्यांत ठरावीक गुणही हवेत. सप्टेंबरमध्ये आधीपासून कामावर असलेल्या, पण शालान्त शिक्षण नसलेल्या कामगारांना सांगितले गेले की या चाचण्या पास झालात तर आतल्या विभागात बदली मिळेल. रंगाचा उल्लेख कुठेच नव्हता. सगळ्यांना एकच नियम, एकच पेपर. याला आपल्याकडे ‘मेरिट’ म्हणतात.

चाचण्या कोणत्या होत्या ते पाहा. पहिली वंडरलिक: १२ मिनिटांत ५० प्रश्न. शब्दांचे अर्थ, आकड्यांची कोडी, तर्क. दुसरी बेनेट यांत्रिक आकलन चाचणी: कप्पी, दाते असलेली चाके, तरफा यांची चित्रे दाखवायची आणि कुठले चाक कुठे फिरेल ते विचारायचे. दोन्ही चाचण्या बाजारात विकत मिळणाऱ्या होत्या. डॅन रिव्हरच्या एकाही कामासाठी त्या तयार केलेल्या नव्हत्या. उत्तीर्ण होण्याची रेघ देशभरातल्या शालान्त उत्तीर्णांच्या मध्यावर मारलेली होती, म्हणजे शाळा पूर्ण केलेल्यांपैकीही जवळपास निम्मे नापास व्हावेत अशी.

आता पार्श्वभूमी पाहा. १९६० च्या जनगणनेनुसार नॉर्थ कॅरोलिनातल्या गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्क्यांनी शालान्त शिक्षण पूर्ण केले होते, तर काळ्या पुरुषांपैकी १२ टक्क्यांनी. शाळा वेगळ्या होत्या आणि काळ्यांच्या वाट्याच्या शाळा निकृष्ट होत्या. समान रोजगार आयोगासमोरच्या एका प्रकरणात वंडरलिक आणि बेनेट असलेल्या चाचणीसंचात गोरे ५८ टक्के पास झाले होते, काळे ६ टक्के. ज्याला यंत्राजवळ फिरकू दिले नाही त्यालाच यंत्राचे चित्र दाखवून विचारायचे, आणि उत्तर चुकले की म्हणायचे, याला यांत्रिक बुद्धी नाही. चाचणीने मोजले ते त्याला आजवर काय मिळाले होते हे. लिहिले मात्र असे गेले की हे त्याच्या अंगातच नाही.

१३ कृष्णवर्णीय कामगार कोर्टात गेले. पहिले नाव विली ग्रिग्ज यांचे होते. खालच्या न्यायालयांनी सांगितले की कंपनीचा हेतू वाईट असल्याचे सिद्ध होत नाही. ८ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी निकाल लिहिला. त्याचा गाभा असा: हेतू चांगला असला तरी भागत नाही, परिणाम पाहिला पाहिजे. एखादी अट एका समूहाला मोठ्या प्रमाणावर बाहेर ठेवत असेल, तर त्या अटीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध आहे हे मालकाने दाखवून द्यावे. चाचणीला न्यायालयाने बंदी केली नाही. तिने त्या कामासाठीचा माणूस मोजावा, अधांतरी माणूस मोजू नये, एवढेच सांगितले.

कंपनीला हा संबंध का दाखवता आला नाही? कारण पुरावा तिच्याच आवारात काम करत होता. नियम येण्याआधी आतल्या विभागांत लागलेले कितीतरी गोरे कामगार शालान्त उत्तीर्ण नव्हते आणि त्यांनी या चाचण्याही दिल्या नव्हत्या. तरी ते काम नीट करत होते, त्यांना बढत्याही मिळत होत्या. चाचणी खरी की खोटी हे ओळखण्याची सर्वांत सोपी रीत हीच आहे. जे लोक ते काम आज चांगले करत आहेत त्यांच्याकडे पाहा. चाचणीत नापास होणारे कामात पास होत असतील, तर दोष चाचणीचा आहे.

पण मग चांगली, काळजीपूर्वक बनवलेली चाचणी काय सांगते? इथे आकड्यांकडे जावे लागेल. चाचणीचे गुण आणि कामातले यश यांच्या संबंधाला शून्य ते एक असा आकडा देतात. शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत संबंध. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या शेकडो अभ्यासांची फेरतपासणी केली. सर्वसाधारण बुद्धिमापन चाचणीचा सरासरी आकडा पूर्वी ०.५१ मानला जाई, तो त्यांना ०.३१ आढळला. व्यक्तिमत्त्व चाचणीतल्या ‘कर्तव्यदक्षता’ या गुणाचा ०.१९. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीचा ०.४२.

०.३१ म्हणजे व्यवहारात किती? गुण आणि कामगिरी दोन्ही नेहमीच्या घंटाकृती वळणाने पसरलेली आहेत असे धरून हिशेब करू. चाचणीत वरच्या अर्ध्यात आलेल्या १०० जणांपैकी साधारण ६० जण कामातही वरच्या अर्ध्यात येतील, ४० येणार नाहीत. आणि चाचणीत खालच्या अर्ध्यात ढकललेल्या १०० जणांपैकी ४० जण कामात वरच्या अर्ध्यात येतील. नाणे उडवले असते तर ५० आले असते. हजारो अर्ज आलेल्या मालकाला ५० ऐवजी ६० हा मोठा फायदा आहे. त्याला कोणता माणूस चुकला याच्याशी कर्तव्य नसते, एकूण बेरीज सुधारली की झाले. पण आपल्या घरात अर्ज एकच असतो. त्या ४० मध्ये आपली मुलगी आहे की नाही, हे कागद सांगू शकत नाही.

आणखी एक मेख आहे. यातली ‘कामगिरी’ बहुतेक अभ्यासांत वरिष्ठाने दिलेल्या शेऱ्यावरून मोजलेली असते. गोपनीय अहवालात साहेबाची जात कशी बोलते हे आपल्या नोकरदारांना ठाऊक आहे. ज्या मापाशी चाचणी जुळवली ते मापच वाकडे असेल, तर चाचणी त्या वाकडेपणाशीच जुळेल.

व्यक्तिमत्त्वाच्या ‘प्रकारां’ची गोष्ट याहून कच्ची आहे. मायर्स-ब्रिग्ज नावाची प्रसिद्ध प्रश्नावली माणसांना १६ प्रकारांत वाटते. पण बोलकेपणा किंवा अबोलपणा हा उंचीसारखा असतो: बहुतेक लोक मध्याच्या आसपास. मध्यावर सुरी फिरवली की रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघे जवळपास सारखेच असताना, वेगळ्या ‘प्रकारा’चे होतात. काही आठवड्यांनी पुन्हा प्रश्नावली भरली तर अनेकांचे एखादे अक्षर बदलते. नोकरभरतीसाठी ही प्रश्नावली वापरू नये, असे तिची निगराणी करणारी संस्थाच सांगते.

बाबासाहेबांनी हा वाद १९३६ सालीच घातला आहे. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ते जन्मावर आधारलेल्या जातीवर तर तुटून पडतातच, पण ‘वर्ण जन्माने नव्हे, गुणाने ठरवू’ म्हणणाऱ्या आर्यसमाजी सुधारकांनाही सोडत नाहीत. त्यांचा मुद्दा असा की माणसांमधले गुण इतके विविध आणि मिश्र असतात की त्यांना चार खणांत कोंबताच येत नाही. प्लेटोने तीन वर्ग केले, त्याचीही चूक हीच. आणि व्यक्तीची क्षमता इतकी वाढवली पाहिजे की तिने आपला व्यवसाय स्वतः निवडावा, स्वतः घडवावा. चार खणांचे सोळा केल्याने खण मोडत नाहीत.

मात्र आम्ही एक इशारा देतो. चाचणीवरचा राग आपल्याला तोंडी मुलाखतीच्या दारात नेऊन सोडणार असेल तर तो घाट्याचा सौदा आहे. ‘आडनाव काय, गाव कुठले, वडील काय करतात’ अशा गप्पांवर गुण देणारी मुलाखत कुठल्याही लेखी पेपरपेक्षा आपल्यासाठी जास्त घातक आहे. नाव झाकलेला, कामाशी जोडलेला लेखी पेपर आपला मित्र आहे. मालक मोकळ्या मनाने ‘फिट’ शोधतो तेव्हा त्याला बहुधा स्वतःसारखाच माणूस सापडतो.

म्हणून मुलाचा अहवाल हातात आला की समुपदेशकाला तीन गोष्टी विचारा. हे काय मोजले? कल म्हणजे आवड, अभिक्षमता म्हणजे शिकण्याची तयारी, व्यक्तिमत्त्व म्हणजे स्वभाव. आवड नसणे म्हणजे क्षमता नसणे नव्हे, आणि जे काम कधी पाहिलेच नाही त्याची आवड कागदावर उमटत नाही. दुसरे, हे गुण कोणाशी तुलना करून दिले? इंग्रजी शाळेतल्या शहरी मुलांच्या पट्टीवर तांड्यावरच्या मुलाला मोजले असेल, तर ती पट्टी त्याची नव्हे. तिसरे, या गुणांवरून सांगितलेल्या व्यवसायात लोक यशस्वी होतात हे कोणी, कुठे तपासले? उत्तर मिळाले नाही तर तो कागद फाईलला लावा आणि मुलीला इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर नेऊन बसवा. हातात पाना घेतल्यावर तिला काय वाटते, ते तिला स्वतःला कळेल.

जय भीम!