स्लिप कपलिंग : न हलणाऱ्या प्लास्टिक पाइपची दुरुस्ती

स्लिप कपलिंग : तडकलेल्या कडक प्लास्टिक पाइपची दोन्ही टोके जागची हलवता येत नसताना ती जोडण्यासाठी वापरायचा, आतून आरपार गुळगुळीत असलेला नळीसारखा जोड. दुकानात तो ‘स्लिप कपलर’, ‘रिपेअर कपलर’ किंवा ‘रिपेअर सॉकेट’ या नावांनी मागितला जातो. नेहमीच्या कपलिंगच्या आत मधोमध एक कड असते आणि दोन्ही बाजूंनी आलेला पाइप तिला टेकून थांबतो. स्लिप कपलिंगमध्ये ही कड नसते. त्यामुळे ते एका पाइपवर पूर्ण मागे सरकवून ठेवता येते आणि नंतर फटीवरून पुढे ओढून दुसऱ्या पाइपवर आणता येते.

सर्वसाधारण परिस्थिती. छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येते आणि नळाचे पाणी काही दिवसांआड सुटते. त्यामुळे जवळपास प्रत्येक घरात जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी आणि दोन्हींना जोडणारा पंपाचा उभा पाइप असतो. सिडको-हडको भागातल्या रो-हाउसमध्ये हा पाइप अनेकदा भिंतीत खाच पाडून बसवलेला आणि गिलाव्याने झाकलेला असतो. खाली पंपाजवळचा एल्बो आणि वर स्लॅबमधून निघणारे वळण, या दोन ठिकाणी तो पक्का धरलेला असतो. मध्येच तो फुटला, तर साधे कपलिंग बसवण्यासाठी लागणारी ओढ कोणत्याच टोकाकडून मिळत नाही.

तडकण्याची कारणे. झाकलेल्या पाइपला सर्वाधिक धोका ड्रिल मशीनचा असतो. पडद्याची दांडी किंवा गीझर लावताना पाडलेले भोक सरळ पाइपात उतरते. गच्चीवरच्या उघड्या पाइपला उन्हाचा त्रास होतो. कडक पीव्हीसीचा 6 मीटर लांबीचा पाइप 30 अंश सेल्सिअसने तापला तर साधारण 10 ते 12 मिमी वाढतो. दोन्ही टोके जखडलेली असतील तर ही वाढ पाइपला वाकवते आणि ताण एल्बोजवळ किंवा घट्ट आवळलेल्या क्लॅम्पपाशी साठतो. वर्षानुवर्षे ऊन खाल्लेला पाइप ठिसूळही होतो. पंपाजवळच्या भागात दर वेळी पंप सुरू-बंद होताना बसणारा हिसका हे तिसरे कारण. कारण तसेच ठेवून नुसती भेग बुजवली, तर पाइप बहुधा दुरुस्तीच्या शेजारीच पुन्हा तडकतो.

भेगेची व्याप्ती. डोळ्यांना दिसते तिथे भेग संपलेली नसते. दाब असताना पाइप फडक्याने कोरडा पुसावा. केसासारखी भेग जिथवर गेली असेल तिथवर ओल पुन्हा उमटते. त्या टोकाच्याही पुढे दोन्हीकडे 40 ते 50 मिमी अंतरावर पाइप कापावा. ड्रिलच्या भोकाभोवती भेगा पसरल्या नसतील तर भोकापुरती अरुंद पट्टी काढली तरी चालते.

मापाचा हिशेब. प्रत्येक बाजूचा पाइप कपलिंगच्या आत किमान नेहमीच्या कपलिंगइतका गेला पाहिजे. 1 इंची पाइपसाठी हे अंतर साधारण 25 ते 30 मिमी धरतात. समजा, हातातले स्लिप कपलिंग 80 मिमी लांब आहे. दोन्हीकडे 30 मिमी पकड ठेवली तर मधली फट जास्तीत जास्त 20 मिमी असू शकते. ड्रिलच्या एका भोकासाठी एवढी फट पुरते आणि एकाच स्लिप कपलिंगवर काम भागते. मात्र भिंत किती उघडायची, हे कपलिंगच्या प्रवासावर ठरते. एका बाजूला सोल्युशन लावण्यासाठी 30 मिमी टोक मोकळे हवे आणि त्याच्या मागे कपलिंग थांबवून ठेवायला 80 मिमी सरळ पाइप हवा, म्हणजे 110 मिमी. त्यात मधली फट 20 आणि पलीकडचे टोक 30 मिळवले की किमान 160 मिमीची खाच होते.

भेग लांब असेल तर मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. एका टोकाला साधे आणि दुसऱ्या टोकाला स्लिप कपलिंग बसवून भागेल, असा समज असतो. पाइप दोन्हीकडून खरोखर जखडलेला असेल तर ते जमत नाही. साध्या कपलिंगमध्ये शिरण्यासाठी नव्या तुकड्याला जेवढे मागे जाऊन पुढे यावे लागते, तेवढी जागा समोरच्या टोकाकडे नसते. तुकडा आखूड कापला तर दुसऱ्या बाजूची फट इतकी रुंद होते की स्लिप कपलिंगची पकड उरत नाही. म्हणून अशा ठिकाणी दोन स्लिप कपलिंग घ्यावीत.

उदाहरण. रो-हाउसच्या भिंतीतला 1 इंची पांढरा यूपीव्हीसी पाइप 150 मिमी लांबीत उभा तडकला आहे. दोन्हीकडे 50 मिमी जास्त कापल्यावर 250 मिमीचा खंड पडतो. त्यात 246 मिमीचा नवा तुकडा बसेल, म्हणजे दोन्ही टोकांशी 2-2 मिमी मोकळीक राहील. 80 मिमीची दोन्ही कपलिंग जुन्या पाइपवर न चढवता या नव्या तुकड्यावरच चढवावीत. प्रत्येक टोकाचा 40 मिमी भाग मोकळा ठेवून त्यामागे 80 मिमीचे कपलिंग, असे दोन्ही बाजूंचे मिळून 240 मिमी होतात आणि तुकडा तेवढ्याला पुरतो. सरकण्याची जागा नव्या तुकड्यावर मिळाल्यामुळे भिंतीतल्या जुन्या टोकांना 40-40 मिमी उघडे आणि भोवती ब्रश फिरेल एवढी मोकळी जागा पुरते. गिलावा कमी फुटतो, शेजारच्या टाइल वाचतात.

कृती. टाकीकडचा कॉक बंद करून खालच्या टोकातून पाइप पूर्ण रिकामा होऊ द्यावा. वरून एकेक थेंब टपकत असेल तर जोड धरत नाही. काप काटकोनात घ्यावा, आतली-बाहेरची कुसे कानशीने काढावीत, बाहेरची धार थोडी उतरती करावी आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून कोरडा पुसावा. पाइपच्या मागे भिंतीकडेही बोट फिरेल एवढी जागा कोरावी, कारण कपलिंग पाइपपेक्षा जाड असते आणि सोल्युशन सगळीकडून लागावे लागते. आधी कोरडेच सरकवून पाहावे. कपलिंग हाताने आरपार सरकले पाहिजे, पण लटपटता कामा नये. मग ते फटीवर बरोबर मधोमध आले की त्याच्या दोन्ही कडा कुठे येतात, त्या खुणा पेन्सिलने पाइपवर कराव्यात.

सोल्युशन पाइपचा पृष्ठभाग मऊ करते आणि दोन प्लास्टिक एकजीव होतात. स्लिप कपलिंग नेहमीच्या कपलिंगपेक्षा किंचित सैल असते, म्हणून पातळ सोल्युशन घेऊ नये. मध्यम किंवा घट्ट प्रकारचे घ्यावे. दोन्ही मोकळ्या टोकांवर भरपूर आणि कपलिंगच्या पुढच्या तोंडात आतून पातळ थर द्यावा. लगेच कपलिंग किंचित फिरवत एका दमात खुणेपर्यंत ओढावे आणि अर्धा मिनिट दाबून धरावे. ते मध्येच थांबले तर काही सेकंदांतच अडकते. मग कापून नव्याने करण्याशिवाय इलाज नसतो. एप्रिल-मे महिन्यांत संभाजीनगरचे तापमान 40 अंशांपुढे जाते तेव्हा सोल्युशन आणखी लवकर आवळते, म्हणून हे काम सकाळी लवकर करावे. पहिले कपलिंग बसल्यावर ते धरेपर्यंत थांबून मगच दुसरे सरकवावे. बंदिस्त डक्टमध्ये सोल्युशनची वाफ साचते. तिथे हवा खेळती ठेवावी आणि आगकाडी पेटवू नये.

दाब देण्याची वेळ डब्यावर दिलेली असते. सैल बसणाऱ्या या जोडाला 24 तास दिलेले बरे. पंपाच्या पाइपसाठी घरात आधी पाणी भरून ठेवावे. महापालिकेच्या नळजोडाकडून येणारा पाइप असेल, तर पाण्याच्या दोन पाळ्यांमधले कोरडे दिवस उपयोगी पडतात.

कपलिंगची निवड. इंचाचे नाव सारखे असले तरी पाइपची बाहेरची मापे वेगळी असतात. 1 इंची पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपचा बाह्य व्यास 33.4 मिमी, पिवळसर सीपीव्हीसीचा 28.6 मिमी, तर शेतीत वापरल्या जाणाऱ्या 32 मिमीच्या करड्या पीव्हीसी पाइपचा 32 मिमी असतो. पांढऱ्याचे कपलिंग करड्यावर चढवले तर जवळपास दीड मिलिमीटर मोकळीक राहते आणि ती कितीही सोल्युशनने भरत नाही. कापलेला तुकडाच दुकानात न्यावा आणि त्यावर कपलिंग घालून पाहावे. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचेच सोल्युशन लागते. हिरव्या पीपीआर आणि काळ्या एचडीपीई पाइपला सोल्युशन धरत नाही; ते उष्णतेने किंवा यांत्रिक जोडाने जोडतात.

स्लिप कपलिंग मिळाले नाही की साध्या कपलिंगची आतली कड गोल कानशीने घासून टाकण्याची पद्धत आहे. ती भरवशाची नाही. साधे कपलिंग आत जाताना निमुळते होत जाते, त्यामुळे कड गेली तरी पाइप मध्येच आवळतो. आणखी घासले तर भोक वेडेवाकडे होऊन गळती राहते.

जमिनीखालच्या मोठ्या पाइपसाठी आत रबरी रिंग असलेले रिपेअर कपलर येते. त्याला सोल्युशन लागत नाही. साबणाचे पाणी लावून ते सरकवतात. मराठवाड्याच्या काळ्या मातीत ते सोयीचे ठरते, कारण ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रिंग थोडी हालचाल सोसते. मात्र असा जोड पाइपला लांबीच्या दिशेने धरून ठेवत नाही. त्यामुळे वळणाजवळ पाइपला काँक्रीटचा आधार द्यावा लागतो.

गळतीची लक्षणे व तपासणी. पाझर बहुधा दोन जागी दिसतो. एक, भिंतीकडची मागची बाजू, जिथे ब्रश पोहोचलेला नसतो. ती लहान आरशाने पाहावी. दोन, कपलिंग ज्या पाइपवरून ओढले त्याची बाजू. कपलिंगचा पुढचा अर्धा भाग त्या टोकावरचे सोल्युशन पुसत पुढे जातो आणि मागच्या अर्ध्याला पातळ थर मिळतो. म्हणून त्या टोकावर सुरुवातीलाच जाड थर द्यावा. कपलिंगची कड पेन्सिलच्या खुणेपासून सरकलेली दिसली, तर एका बाजूची पकड कमी पडली असे समजावे. तपासणी पाण्यानेच करावी. दाबाची हवा भरल्यास पीव्हीसी स्फोटासारखा फुटून तुकडे उडू शकतात. जोडाखाली कोरडा कागद ठेवून टाकी एकदा पूर्ण भरू द्यावी, पंप दोन-तीनदा सुरू-बंद करावा आणि कागद कोरडा राहिला तरच खाच बुजवावी.

मर्यादा. एल्बो किंवा टीच्या अगदी लगत भेग असेल तर कपलिंग बसण्यापुरता सरळ पाइप उरत नाही. तिथे तो फिटिंग कापून काढावा आणि नवा फिटिंग तुकड्यांसह, स्लिप कपलिंगच्या मदतीने बसवावा. वाकलेल्या, उन्हाने अंडाकृती झालेल्या किंवा हाताने दाबल्यावर कडकडणाऱ्या पाइपवर हा जोड टिकत नाही. खाच खोदताना कॉलम किंवा बीमची सळई उघडी पडण्याची वेळ आली, तर तिथे खोदकाम थांबवून पाइप भिंतीबाहेरून नव्या वाटेने न्यावा.