गाण्यात लपलेला ‘गाढव’ कसा शोधायचा?

गाताना दोन शब्दांमधली जागा ऐकू येत नाही, त्यामुळे कान स्वतःच शब्द पाडतो. मी नमुन्यासाठी एक ओळ रचली: ‘साऱ्या जगा ढवळू’. कागदावर ठीक दिसते. पण ठेका ‘गा’वर पडला की ऐकणाऱ्याला ‘गाढव’च ऐकू येतो!

शोधायला सोपं आहे. ओळीतल्या सगळ्या मोकळ्या जागा काढून टाका: ‘साऱ्याजगाढवळू’. आता जोडांवर नवा शब्द तयार होतोय का, ते बघा. एडिटरमध्ये नको असलेले शब्द सर्च करता येतात, पण सर्च अक्षरं जुळवतो, उच्चार नाही. ‘ष’ आणि ‘श’ कानाला सारखेच, त्याला वेगळे. म्हणून शब्द न दाखवता कुणाला तरी गाऊन ऐकवाच.

दुरुस्ती करताना चाल मोडू नये. ‘साऱ्या’ आणि ‘ढवळू’ दोन्ही चार मात्रांचे, म्हणून मी जागा बदलल्या: ‘ढवळू जगा साऱ्या’. एकूण मात्रा ११च राहतात, ‘गा’ही सहाव्या मात्रेवरच सुरू होतो. फक्त पहिला लांब सूर ‘ढ-व’मध्ये तुटतो आणि शेवटच्या शब्दातले दोन छोटे सूर ‘सा’मध्ये एक होतात. शेवटचा ‘साऱ्या’ पुढच्या ओळीला जोडूनही तपासा.